लावणीनंतरचा ताप आणि ब्लड कल्चरच्या चार बाटल्या

जुलैचा दुसरा आठवडा होता. तळकोकणात लावणी संपत आली की आमच्या मेडिसिन वॉर्डात तापाचे पेशंट एकामागून एक येऊ लागतात. त्या मंगळवारी संध्याकाळी कुडाळच्या बाजूच्या एका गावातून ५४ वर्षांचे एक काका दाखल झाले. बारा दिवसांचा ताप, कोरडा खोकला, उजव्या पोटरीवर लिंबाएवढी लाल, दुखरी गाठ. साखर ३८० होती. दहा वर्षांचा मधुमेह, पण लावणीच्या धबडग्यात गोळ्या तीन आठवडे बंद. ताप १०३, नाडी १२४, श्वास २८, बीपी १००/६०.

पावसाळ्यात आमच्याकडे ताप म्हटला की पहिला संशय लेप्टोचा, आणि तो बरोबरच आहे. डॉक्टरांनी सेफ्ट्रिअॅक्सोन आणि डॉक्सिसायक्लिन लिहिलं, आणि त्याच्या वरच्या ओळीत लिहिलं: ब्लड कल्चर, दोन सेट, अँटिबायोटिकच्या आधी. या एका पेशंटचा रिपोर्ट हातात धरून मी ग्राम स्टेन, कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी सांगणार आहे. हे तीन शब्द आपण एका दमात म्हणतो, पण ती तीन वेगळी उत्तरं आहेत. ती तीन वेगळ्या दिवशी येतात आणि प्रत्येक उत्तर आल्यावर नर्सचं काम बदलतं.

आधी बाटल्यांचं बोलू, कारण चांगला रिपोर्ट तिथेच घडतो किंवा बिघडतो.

मोठ्या माणसाच्या रक्तात जंतू पसरले असले तरी ते फार विरळ असतात. पुष्कळदा एका मिलिलिटरमध्ये एखादाच, कधी तोही नाही. म्हणून प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलि रक्त लागतं. तीन मिलि घातलं तर जंतू त्या तीन मिलित आलाच नसेल, आणि "नो ग्रोथ" असा रिपोर्ट येऊन सगळे निर्धास्त होतील. दोन सेट म्हणजे दोन वेगळ्या हातांतून, दोन वेगळ्या सुया टोचून घेतलेलं रक्त. एकाच सुईतून चार बाटल्या भरल्या तर तो एकच सेट. प्रत्येक सेटमध्ये एक एअरोबिक बाटली, म्हणजे हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी, आणि एक अॅनएअरोबिक. आपल्याकडे खर्चामुळे पुष्कळ ठिकाणी फक्त एअरोबिक वापरतात.

त्या संध्याकाळी मी आधी शीर शोधून ठेवली. मग क्लोरहेक्सिडीन आणि अल्कोहोलच्या द्रावणाने त्वचा ३० सेकंद घासली आणि ती आपोआप सुकू दिली. फुंकर मारायची नाही, कापसाने टिपायची नाही, कारण जंतू मरायला तो सुकण्याचा वेळच लागतो. एकदा सुकली की त्या जागेला पुन्हा बोट लावायचं नाही. बाटलीचं प्लास्टिकचं टोपण काढल्यावर जे रबर दिसतं ते निर्जंतुक नसतं, तेही अल्कोहोलने पुसून सुकू द्यायचं. आमच्याकडे एकच सिरिंज वापरतात, म्हणून आधी अॅनएअरोबिक भरायची, नाहीतर सिरिंजमधली हवा तिच्यात जाते. रक्त कमी निघालं तर मात्र आधी एअरोबिक. चारही बाटल्या भरल्या तेव्हा सहा चाळीस झाले होते. अँटिबायोटिकचा पहिला डोस सात वाजता गेला. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या नाहीत. लघवीचा नमुना दोन तासांत लॅबला जाणार नसेल तर तो फ्रिजमध्ये ठेवतात, आणि त्याच सवयीने रक्ताच्या बाटल्याही कुणीतरी फ्रिजमध्ये सारतं. थंडीने त्यातले नाजूक जंतू मरू शकतात आणि उरलेले वाढायला उशीर करतात. त्या बाहेरच राहू द्याव्यात आणि लवकरात लवकर पोचवाव्यात.

यातलं काही चुकलं तर काय होतं, ते माझ्या पहिल्या नोकरीत मी जवळून पाहिलं आहे. एका आजींचं रक्त घाईत आधीच लावलेल्या सलाइनच्या कॅन्युलातून काढलं होतं, तेही एकाच बाटलीत. त्यात कोअॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस वाढला. हा आपल्या कातडीवर कायमचा राहणारा जंतू. दोन सेट असते आणि एकाच बाटलीत तो वाढला असता तर कातडीवरून आला असं म्हणता आलं असतं. पण एकच बाटली होती, तुलना कशाशी करणार? आजींना पाच दिवस व्हँकोमायसिन गेलं आणि क्रिएटिनिन ०.९ वरून २.४ झालं. किडनी हळूहळू सावरली, पण त्या पाच दिवसांच्या औषधाची त्यांना गरज होती की नाही हे आजही कुणी सांगू शकत नाही. तेव्हापासून, रक्ताच्या तपासण्या कॅन्युलातून भागवा असं कुणी म्हणालं तर बाकीच्या तपासण्यांचं काय ते बघू, पण कल्चरसाठी मी नवी सुईच टोचते.

बाटल्या भरल्यावर फॉर्म. त्यावर "क्लिनिकल हिस्टरी" अशी एक ओळ असते आणि बहुतेक वेळा तिथे "फीवर" एवढं लिहून आपण मोकळे होतो. त्या दिवशी मी लिहिलं: "मधुमेह. शेतकरी, लावणीसाठी तीन आठवडे चिखलात अनवाणी. बारा दिवस ताप, खोकला, पोटरीवर गळू. अँटिबायोटिकच्या आधी घेतलं." एवढं लिहायला अर्धा मिनिट लागला. ही ओळ पुढे कामाला आली.

पहिलं उत्तर: रंग आणि आकार

लॅबमध्ये बाटल्या एका यंत्रात जातात. तिथे त्या ऊब मिळून हलत राहतात. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो यंत्राला कळतो आणि यंत्र वाजतं. साधारण पाच दिवस वाट पाहतात, पण खरे जंतू बहुधा पहिल्या दोन दिवसांतच यंत्र वाजवतात. काकांच्या बाटल्या आठ वाजता यंत्रात गेल्या आणि बुधवारी रात्री सव्वादहाला दोन्ही एअरोबिक बाटल्या वाजल्या. सव्वीस तास.

वाजलेल्या बाटलीतला थेंब काचपट्टीवर पसरून टेक्निशियन ग्राम स्टेन करतात. हान्स क्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरांनी ही पद्धत १८८४ साली बर्लिनमध्ये काम करताना प्रसिद्ध केली आणि तिचा गाभा अजून तोच आहे. थेंब सुकवून, ज्योतीवरून फिरवून काचेला चिकटवतात. त्यावर जांभळा क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, मग आयोडीन एक मिनिट. आयोडीनमुळे जांभळा रंग जंतूच्या आत घट्ट बसतो. मग काही सेकंद अल्कोहोल किंवा अॅसिटोन ओततात आणि लगेच पाण्याने धुतात. शेवटी गुलाबी-लाल सॅफ्रानिन. ज्या जंतूंची भिंत जाड असते ते अल्कोहोलला दाद देत नाहीत, जांभळे राहतात: ते ग्राम पॉझिटिव्ह. ज्यांची भिंत पातळ असते आणि बाहेरून चरबीचं आवरण असतं, त्यांच्यातून जांभळा रंग धुऊन जातो आणि सॅफ्रानिनने ते गुलाबी होतात: ते ग्राम निगेटिव्ह. गोल असतील तर कॉकाय, काडीसारखे असतील तर बॅसिलाय.

इथे एक गैरसमज वॉर्डात नेहमी ऐकू येतो. "ग्राम निगेटिव्ह" म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह नव्हे. एचआयव्ही निगेटिव्ह किंवा डेंग्यू निगेटिव्ह ऐकायची इतकी सवय झालेली असते की नवी मुलगी फोनवर "निगेटिव्ह आलं" एवढंच लिहून ठेवते. रक्ताच्या बाटलीत ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय दिसले म्हणजे रक्तात जंतू आहेत, आणि असे जंतू कातडीवरून आलेले सहसा नसतात. तो तातडीचा निरोप आहे.

सगळा खेळ त्या अल्कोहोलच्या काही सेकंदांवर असतो. जास्त वेळ ओतलं तर जांभळेही गुलाबी दिसतात, थर जाड झाला तर गुलाबीही जांभळे राहतात. अँटिबायोटिकने अर्धमेले झालेले ग्राम पॉझिटिव्ह जंतूसुद्धा रंग धरत नाहीत. म्हणून ग्रामचं उत्तर हा पहिला अंदाज असतो, आणि जंतूचं नाव त्यात नसतं. शिवाय काही जंतू या रंगात दिसतच नाहीत. लेप्टोस्पायरा इतका बारीक असतो की ग्रामने तो दिसत नाही आणि साध्या ब्लड कल्चरच्या बाटलीत वाढतही नाही. स्क्रब टायफसचं तसंच. डेंग्यू आणि दोडामार्गकडचा माकडताप तर विषाणूंचे. "कल्चर नो ग्रोथ आलं, म्हणजे लेप्टो नाही" असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे, लेप्टोची तपासणी वेगळी पाठवावी लागते.

रात्री साडेदहाला टेक्निशियनचा फोन आला: काकांच्या दोन्ही एअरोबिक बाटल्यांत ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय. असा फोन मी नेहमी एकाच पद्धतीने घेते. पेशंटचं नाव, नोंदणी क्रमांक, किती बाटल्यांपैकी किती, काय दिसलं, सांगणाऱ्याचं नाव, वेळ. सगळं लिहायचं आणि त्यांना परत वाचून दाखवायचं. मग लगेच डॉक्टरांना फोन, "सकाळी राउंडला सांगू" नाही. काकांचं बीपी तोवर ९० वर आलं होतं. डॉक्टरांनी सेफ्ट्रिअॅक्सोन बंद करून मेरोपेनेम १ ग्रॅम दर आठ तासांनी सुरू केलं. पहिला डोस वॉर्डच्या साठ्यातून पंधरा मिनिटांत गेला, औषधांच्या ट्रॉलीची वाट पाहिली नाही. सलाइन, ऑक्सिजन, दर तासाला नाडी, बीपी, श्वास, शुद्ध आणि लघवी. काकांचं वजन साठ किलो, म्हणजे तासाला निदान ३० मिलि लघवी हवी. दोन तास त्याखाली गेली की कळवायचं, असं चार्टवरच लिहून ठेवलं.

दुसरं उत्तर: कोण आहे

त्याच रात्री बाटलीतला थेंब ब्लड अगार आणि मॅकॉन्की अगार या प्लेटांवर लावला गेला. या प्लेटा ३५ ते ३७ अंशांना ठेवतात आणि जंतूंचे ठिपके डोळ्यांना दिसायला साधारण १८ ते २४ तास लागतात. एकेका जंतूपासून वाढलेला एकेक ठिपका, त्याला कॉलनी म्हणतात. या प्रतीक्षेत नातेवाईक अधीर होतात. काकांची बायको दर दोन तासांनी काउंटरवर यायची. "बाय माझे, रिपोर्टात काय इला?" मी त्यांना घरचंच उदाहरण दिलं. विरजण लावलं आणि तासाभराने झाकण काढलं तर दही दिसेल का? भांड्यात जंतू आहेत, पण वाढायला रात्र लागते. काकींना ते पटलं.

गुरुवारी रात्रीपर्यंत प्लेटेवर वाढ आली आणि तात्पुरता रिपोर्ट आला: "नॉन-फर्मेंटिंग ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह." सोप्या शब्दांत, हा जंतू साखर आंबवतच नाही, मॅकॉन्कीमधली लॅक्टोजही नाही, म्हणून त्याचे ठिपके ई. कोलायसारखे गडद गुलाबी होत नाहीत. या गटात आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा म्हणजे स्यूडोमोनास. तो सिंकमध्ये, ओल्या जागी, जुन्या जखमांत सापडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टाइप झालेल्या कच्च्या रिपोर्टवर "स्यूडोमोनास स्पीशीज" असंच आलं.

पोटरीवरची गाठ तोवर सर्जननी उघडली होती. तिथला पू मी स्वॅबवर घेऊ दिला नाही. सर्जननी सिरिंजने ओढलेला ५ मिलि पू निर्जंतुक डबीत पाठवला. कापसाच्या स्वॅबवर थोडंच चिकटतं, तेही सुकतं आणि कातडीवरचे जंतू सोबत येतात. पुवाच्या थेट ग्राम स्टेनमध्ये भरपूर पस सेल्स आणि थोडे ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय दिसले. पस सेल्स म्हणजे तिथे शरीर खरोखर लढतं आहे. पू किंवा थुंकीच्या रिपोर्टमध्ये जंतूच्या नावाआधी ही ओळ वाचावी. थुंकीत एपिथेलियल सेल्सच भरपूर असतील तर ती थुंकी नव्हे, लाळ आहे. त्यात वाढलेल्या जंतूवर औषध सुरू करण्यापेक्षा पेशंटला नीट चूळ भरायला लावून, खोल खोकून नवा नमुना घ्यावा.

तिसरं उत्तर, आणि त्यातली विसंगती

सेन्सिटिव्हिटी म्हणजे कोणतं औषध या जंतूला रोखतं ते. एका प्लेटेवर जंतूचा ठरलेल्या दाटीचा थर पसरतात आणि त्यावर औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतात. रात्रभरात औषध भोवती झिरपतं. जिथे जंतू वाढू शकत नाही तिथे चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ राहतं, त्याला झोन म्हणतात. तो मिलिमीटरमध्ये मोजून तक्त्याशी ताडतात आणि रिपोर्टवर एस, आय किंवा आर लिहितात. एस म्हणजे नेहमीच्या डोसला जंतू दबेल, आर म्हणजे दबणार नाही, आय म्हणजे मधला: जास्त डोस देता आला, किंवा औषध लघवीसारख्या जागी साठत असलं तर चालेल.

वॉर्डात एक चूक हमखास होते. एका औषधाचा झोन २८ आणि दुसऱ्याचा २१ दिसला की २८ वाल्याला जास्त जोरदार समजतात. प्रत्येक औषध अगारमध्ये वेगळ्या वेगाने पसरतं, म्हणून झोनची तुलना दोन औषधांत करता येत नाही. एमआयसी म्हणजे जंतू रोखायला लागणारं कमीत कमी औषध. त्या आकड्याचंही तेच: मेरोपेनेमचा एमआयसी १ आणि दुसऱ्या औषधाचा २ म्हणजे मेरोपेनेम दुप्पट चांगलं असं नव्हे. प्रत्येक आकडा त्या त्या औषधाच्या स्वतःच्या मर्यादेशी ताडलेला असतो. नर्सने एस-आर वाचावं.

शनिवारी सकाळी लॅबमध्ये प्लेट वाचली तेव्हा मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडम थबकल्या. जेंटामायसिनभोवती वर्तुळ नाही. कोलिस्टिनच्या चकतीभोवती काहीच नाही, जंतू थेट कडेपर्यंत वाढलेला. आणि अॅमॉक्सिक्लॅव्हभोवती मात्र मोठं स्वच्छ वर्तुळ. सेफ्टाझिडीम, मेरोपेनेम, को-ट्रायमॉक्सेझोल यांनाही तो दबत होता.

यात विसंगती कुठे? नेहमीचा स्यूडोमोनास एरुजिनोसा जन्मतःच अॅमॉक्सिक्लॅव्हला आणि को-ट्रायमॉक्सेझोलला जुमानत नाही, आणि कोलिस्टिनला तो बहुधा दबतो. इथे सगळं उलटं होतं. मॅडमनी फॉर्म काढला, ती ओळ वाचली आणि वॉर्डला फोन लावला. "सिस्टर, हे लावणीला चिखलात होते हे नक्की? पायाला भेगा, जखमा आहेत?" होत्या. दोन्ही टाचांना भेगा आणि अंगठ्याजवळ जुनी चीर.

हा संशय होता बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलियायचा, म्हणजे मेलिऑइडोसिस या आजाराचा. हा जंतू उष्ण, पावसाळी प्रदेशांतल्या मातीत आणि पाण्यात राहतो, भातशेतीच्या चिखलात विशेष. पायाच्या भेगेतून, कधी श्वासातून किंवा पाण्यातून तो शरीरात जातो, आणि मधुमेह असणाऱ्यांना तो फार जोरात धरतो. आपल्या किनाऱ्याला खाली मंगळूर, उडुपी, मणिपालच्या पट्ट्यात त्याचे पुष्कळ रुग्ण नोंदले गेले आहेत. पाऊस, भातशेती आणि मधुमेह तर आपल्याकडेही तसेच आहेत. तो फुप्फुसात गेला तर टीबीसारखा दिसतो, यकृतात आणि प्लीहेत गळवं करतो. ग्राम स्टेनमध्ये काडीची दोन टोकंच रंग धरतात, मध्ये फिकट राहते, म्हणून काही वेळा ती सेफ्टी पिनसारखी दिसते. पण तसं दर वेळी दिसत नाही आणि इतर जंतूही तसे दिसू शकतात. यंत्रंसुद्धा त्याला कधी कधी भलतंच नाव देतात. त्यामुळे "स्यूडोमोनास स्पीशीज" असं लिहून, किंवा बाहेरून आलेला जंतू समजून, तो सोडून दिला जाणं सहज शक्य असतं. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्ही आर, पण अॅमॉक्सिक्लॅव्ह एस: ही तिकडी दिसली की लॅबने थांबावं. आर असलेल्या ओळीही बोलतात. आपण एस शोधून तेवढ्यावर खूण करतो आणि आर वगळतो, त्यामुळे असं काही दिसायचं राहून जातं.

मॅडमनी लगेच त्या प्लेटा उघड्या टेबलावरून सेफ्टी कॅबिनेटमध्ये हलवल्या, कारण वाढलेल्या जंतूचे कण श्वासात जाणं लॅबच्या माणसांना धोक्याचं असतं. वाढ पक्क्या ओळखीसाठी मोठ्या लॅबकडे रवाना झाली. पुवातही तोच जंतू आला आणि काही दिवसांनी नाव पक्कं झालं.

इथे सेन्सिटिव्हिटीच्या रिपोर्टची एक मर्यादा सांगायलाच हवी. या जंतूवर सेफ्ट्रिअॅक्सोन प्लेटेवर पुष्कळदा चालताना दिसतं, पण पेशंटमध्ये त्याचा परिणाम वाईट आढळला आहे. म्हणून मेलिऑइडोसिसला ते देत नाहीत. हा जंतू आपल्या पेशींच्या आत जाऊन लपतो, गळवात बसतो. प्लेटेवर ना पेशी असतात ना गळू. एस याचा अर्थ "प्लेटेवर दबला" एवढाच. औषध त्या जागी पोचतं का, पू काढला आहे का, डोस वेळेवर जातो आहे का, हे प्लेटेला माहीत नसतं.

वेळेवर म्हणजे किती वेळेवर

काका स्थिर झाल्यावर डॉक्टरांनी मेरोपेनेमवरून सेफ्टाझिडीम २ ग्रॅम दर सहा तासांनी केलं. नव्या मुली विचारतात, आठचा डोस दहाला दिला तर काय बिघडतं? या दोन्ही औषधांचा गुण रक्तातल्या सगळ्यात उंच पातळीवर अवलंबून नसतो. पातळी एमआयसीच्या वर किती तास राहते, यावर सगळं असतं. दोन तास उशीर म्हणजे पातळी खाली गेलेली असताना जंतूला मिळालेले दोन मोकळे तास. पुढचा डोस दुप्पट केला तरी ते तास भरून येत नाहीत. आमच्या वॉर्डात रात्री दोनचा डोस सगळ्यात जास्त चुकायचा, म्हणून काकांच्या चार्टवर सहा, बारा, सहा, बारा अशा वेळा बांधून घेतल्या.

सेफ्टाझिडीमच्या कुपीत पाणी घातलं की आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बुडबुडे येतात, कुपीत दाब वाढतो आणि सिरिंजचा दट्ट्या आपोआप मागे सरकतो. पहिल्यांदा पाहणारी मुलगी घाबरून सुई ओढते आणि अर्धं औषध बाहेर उडतं. म्हणजे डोस अर्धा, आणि चार्टवर मात्र पूर्ण. पाणी घातल्यावर सुई काढायची, हलवायचं, एक-दोन मिनिटं थांबायचं, मग कुपी उलटी धरून सुई द्रवात बुडवून पूर्ण ओढायचं. सिरिंजमध्ये आलेला वायू टोचण्याआधी काढायचा.

काकांना वेगळ्या खोलीत ठेवलं नाही. माणसाकडून माणसाला हा आजार जवळजवळ होतच नाही. हात धुणं, पू हाताळताना हातमोजे आणि एप्रन, ड्रेसिंगचा कचरा पिवळ्या पिशवीत, एवढी नेहमीची काळजी पुरते. मेथिसिलिनला न दबणारा स्टॅफिलोकॉकस किंवा कार्बापेनेमला न दबणारा क्लेब्सिएला आला असता तर गोष्ट निराळी होती. ते हातांवरून, बीपीच्या पट्ट्यावरून, खाटेच्या कठड्यावरून शेजारी जातात. त्यांना वेगळी खाट, वेगळा स्टेथोस्कोप, वेगळा कफ लागतो. रिपोर्टवर जंतूचं नाव आलं की औषधाइतकाच खाटेचाही निर्णय होतो, आणि तो डॉक्टर येईपर्यंत नर्सलाच सुचवावा लागतो.

योग्य औषध सुरू होऊनही ताप उतरेना. पाचवा, सहावा, सातवा दिवस. काकी रडवेल्या झाल्या. "औषध बदलल्यानी तरी ताप कित्याक उतरणा नाय?" नव्या डॉक्टरांनीही औषध पुन्हा बदलायचा विचार बोलून दाखवला. या आजारात योग्य औषधावरही ताप उतरायला नऊ-दहा दिवस सहज लागतात. बीपी आणि लघवी सुधारते का, श्वास कमी होतो का, ताप टेकाडं चढत असला तरी रोजचा वरचा आकडा खाली येतो का, हे पाहायचं. आणि ताप टिकला तर न काढलेला पू शोधायचा. काकांच्या सोनोग्राफीत प्लीहेत दोन छोटी गळवं दिसली. ती काढण्याएवढी मोठी नव्हती, पण त्यामुळे शिरेतून द्यायच्या औषधाची मुदत दोन आठवड्यांवरून चार आठवडे झाली. ब्लड कल्चर पुन्हा पाठवलं, ते स्वच्छ येईपर्यंत पाठवत राहिलो. दहाव्या दिवशी ताप ९९ वर आला.

ऑगस्टच्या मध्यावर काका घरी निघाले, हातात को-ट्रायमॉक्सेझोल, निदान तीन महिने. शिरेतल्या औषधाने दबलेले पण न मेलेले जंतू या गोळ्यांनी संपवायचे असतात, आणि बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या तर आजार उलटतो. मी काकींना चतुर्थी आणि दिवाळीच्या खुणा घालून कॅलेंडर करून दिलं. सुरुवातीला दर आठवड्याला क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, कारण हे औषध दोन्ही वाढवू शकतं. अंगावर पुरळ, तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी यायचं. भातकापणीला गमबूट घालूनच, आणि भेगा भरेपर्यंत चिखलात पाय नाही.

डिस्चार्ज कार्डवर खाली मोठ्या अक्षरांत मी आणखी एक ओळ लिहिली आणि काकींना ती कुठल्याही दवाखान्यात आधी दाखवायला सांगितली: "पूर्वी मेलिऑइडोसिस. पुन्हा ताप आल्यास अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर, दोन सेट. लॅबच्या फॉर्मवर या आजाराचा उल्लेख करावा, प्लेट कॅबिनेटमध्येच उघडावी."